उणे साठ रुपयांचं डेकोरेशन

आमच्या गावात माझ्या नोकरीविषयी बरेच दिवस एकच माहिती होती: पोरगी अमरावतीत लोकांचे पैसे परत करते. हे ऐकून एका काकूंनी माझ्या आईला विचारलं होतं, "आधी घेते कोण?"

प्रश्न चुकीचा नव्हता. पैसे घेणारी यंत्रणा दुसऱ्याने बनवलेली असते. ती पैसे घेते, वाटते, आणि वेळ आली तर परत करते. ती हे सगळं बरोबर करते का, हे पाहणं माझं काम. म्हणजे मी सॉफ्टवेअर तपासते. वलगावच्या पुढे आमचं गाव, बाबांची पिठाची गिरणी, घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पदवीच्या कागदाला बाबांनी काच लावून घेतली तेव्हा काचेवरही पीठ बसलं होतं. त्यामुळे नोकरी लागली तेव्हा मला तिच्यात खोट काढायची सवयच नव्हती. टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, पंखा माझ्या बाजूला फिरत होता. आणखी काय पाहिजे असतं माणसाला?

ऑफिस राजकमल चौकाजवळ, एका हार्डवेअरच्या दुकानावर. आम्ही मोजून पाच जण. मालकांना आम्ही सर म्हणायचो. सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा अकोल्याचा होता, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, आणि त्याला मी पहिल्या दिवसापासून आवडत नव्हते. ते साहजिक होतं. त्याने दिवसभर मांडलेलं मी संध्याकाळी मोडायचे.

मला सहा महिने चाचणीवर घेतलं होतं. सहा महिन्यांनी पक्कं करण्याचं पत्र मिळणार की नाही, ते अकोल्याच्या एका कामावर ठरणार होतं. सरांनी मला तसं सरळ सांगितलं होतं. "अकोल्याचं काम पास झालं, तुझ्या सहीनं रिपोर्ट गेला, की तुझं पत्र. नाही झालं तर मला पाचवा पगार परवडत नाही." मी "हो सर" म्हटलं. मला ते फार मोकळेपणाचं वाटलं होतं.

काम होतं एका मंगल कार्यालयाचं. अकोल्याचे एक शेठ, त्यांचं स्वतःचं कार्यालय, आणि त्यांच्याकडे ठरलेले डेकोरेशनवाले आणि केटरिंगवाले. ग्राहक एकदाच पैसे भरणार आणि आमच्या यंत्रणेने त्याचे तीन वाटे करायचे: हॉल, डेकोरेशन, जेवण. आता लग्न म्हटलं की कोणीतरी काहीतरी रद्द करतंच. मुलीचा मामा म्हणतो डेकोरेशन आमच्या ओळखीचं. मग पूर्ण पैसे नाही, फक्त डेकोरेशनचे परत करायचे. यालाच अर्धवट परतावा म्हणायचं. त्यात ग्राहकाला पैसे गेले एवढं पुरत नाही. ते डेकोरेशनवाल्याच्या वाट्यातूनच गेले पाहिजेत, हॉलच्या नाही. आणि जुनी नोंद खोडायची नाही, तिच्या उलट नोंद करायची, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर काय झालं होतं ते दिसतं.

मी पहिल्याच महिन्यात एक खोट काढली होती. समजा ग्राहकाने तीस हजार भरले. डेकोरेशन रद्द करून सहा हजार परत घेतले. मग त्यानेच पूर्ण बुकिंग रद्द केलं. आमची यंत्रणा आनंदाने पुन्हा तीस हजार परत करत होती. म्हणजे ग्राहकाला लग्न न करता सहा हजारांचा फायदा.

"असं कोन करते?" अकोल्याचा मुलगा म्हणाला.

"सगळेच करतील. माहीत झालं तर रांग लागेल."

त्याने कुलूप लावलं: एका भरण्यावर होणारे सगळे परतावे मिळून मूळ रकमेच्या वर जाणार नाहीत. मग मी विचारलं, की आपण परत केले नाहीत, बँकेनेच ओढून घेतले तर? ग्राहकाने बँकेत तक्रार केली आणि बँकेने तीस हजार उलटवले तर? तेव्हा कुलूप लावून उपयोग नाही, कारण पैसे तर गेलेच. ते गेले अशी नोंद करावीच लागते, आणि आधी दिलेले सहा हजार ग्राहकाकडून येणं आहेत असं दाखवावं लागतं, म्हणजे शेठला बँकेसमोर पुरावा ठेवता येतो. नोंद नाकारली तर आपली वही म्हणते पैसे आहेत आणि बँक म्हणते नाहीत.

तो म्हणाला, "तू गिरणीवाल्याची पोरगी ना व? मंग एवढं बारीक कशाले दळते?"

पण त्याने तेही केलं. काम चांगलं करायचा. फक्त करायच्या आधी बोलायचा.

अकोल्याला जायच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "उद्या शेठसमोर खऱ्या पैशांनी करून दाखवायचं. छोटी रक्कम. पण ग्राहक बाहेरचा पाहिजे, ऑफिसमधला नको. शेठ म्हणतील आपसांतच फिरवून राहिले."

बाहेरचा, भरवशाचा, फोनवरून पैसे पाठवता येणारा माणूस. मला एकच माणूस आठवला.

"बाबा, उद्या मी एक चित्र पाठवते मोबाइलवर," मी फोनवर सांगितलं. "त्याच्यावर शंभर रुपये पाठवजा. बाकी काही करू नका."

"शंभरच?"

"शंभरच."

"कोणाले?"

"अकोल्याच्या शेठले. कामाचे आहेत."

"बरं," बाबा म्हणाले. बाबा मला कधी 'काहून?', म्हणजे का, असं विचारत नसत. त्यातले तीस रुपये परत येतील हे मी सांगितलं नाही. विसरले असं नाही. मला वाटलं, उगीच काय गोंधळ करायचा त्यांचा.

*

सरांच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. अकोल्याचा मुलगा सगळ्या रस्त्याने मला त्याच्या गावाच्या उन्हाबद्दल अभिमानाने सांगत होता, जणू ऊन त्याने लिहिलं होतं.

शेठ कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसत. शेठ मोठ्या आवाजाचे आणि घाईचे. काउंटरवर पैसे आले की बोलणारी एक छोटी पेटी होती. आणि बाजूच्या टेबलावर मुनीमजी. पासष्टीचे असतील. शेठच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. पांढरी दाढी, गोल टोपी, समोर लाल कापडाची लांब वही. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हटलं.

"बैठो बेटा," ते म्हणाले. "तूच का ते पैसे वापस करणारी?"

माझी कीर्ती अकोल्यापर्यंत पोचली होती.

"तुमच्या मशीनच्या बाजूनं माही वही चालू राहीन आज," चाचा म्हणाले. "दोन्ही मिळाल्या पाहिजेत. नाही मिळाल्या तं मी मशीनवाल्याले चहा पाजत नाही."

शेठ हसले. "चाचा, जमाना बदलला."

"जमाना बदलला शेठ, शंभर तं शंभरच हाये ना?"

मी गावाला पैसे भरायच्या क्यूआर कोडचं चित्र पाठवलं. दोन मिनिटांत पेटी बोलली: शंभर रुपये प्राप्त झाले. पडद्यावर बुकिंग दिसलं, हॉल पन्नास, डेकोरेशन तीस, जेवण वीस. चाचांनी वहीत लिहिलं. मी खुर्चीत जरा ताठ बसले.

"आता डेकोरेशन रद्द करा," शेठ म्हणाले.

मी रद्द केलं. तीस रुपये परत गेले. डेकोरेशनचा वाटा शून्य झाला, हॉल पन्नास, जेवण वीस, बँकेत सत्तर. बेरीज जुळली. त्या दिवशी बँकेचीही मेहेरबानी होती, एरवी परतावा पोचायला वेळ लागतो, तो लगेच पोचला. सर माझ्याकडे पाहून किंचित हसले. सरांचं हसू फार दुर्मीळ.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा. शेठसमोर फोन घेणं बरं दिसलं नसतं. मी बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद केला. सर्वांत आज्ञाधारक मुलगी मी, आणि त्या दिवशी बापाचा फोन दोनदा कापला.

पेटी बोलली: तीस रुपये प्राप्त झाले.

शेठ म्हणाले, "हे कोणाचे?"

अकोल्याचा मुलगा आनंदाने पुढे झाला. इथे त्याची एक आवडती करामत होती. ग्राहकाने चुकून जास्त पैसे पाठवले, तर यंत्रणा त्याचं बुकिंग शोधते आणि जास्तीचे पैसे आपोआप परत करते. "पाहा शेठ, जास्तीचे आले, आता आपोआप जातील. माणसाले हात लावायची गरज नाही."

आणि गेलेसुद्धा. तीस रुपये परत.

"वा!" शेठ म्हणाले.

चाचांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि भुवई थोडी वर केली.

पेटी बोलली: तीस रुपये प्राप्त झाले.

मग पडद्यावर: तीस रुपये परत.

"वा," शेठ पुन्हा म्हणाले, पण या वेळी जरा कमी.

मी पडद्यावर पाठवणाऱ्याच्या नंबरचे शेवटचे आकडे वाचले. मी "एक मिनिट सर" म्हणून दाराबाहेर आले आणि बाबांना फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. नंतर कळलं की त्या वेळी बाबा मलाच लावत होते. आम्ही दोघं बाप-लेक एकमेकांना एकाच वेळी फोन करत उभे होतो, एक अकोल्यात, एक गिरणीत, आणि मध्ये तीस रुपये धावत होते.

आतून आवाज आला: तीस रुपये प्राप्त झाले.

मी धावत आत गेले. या वेळी पैसे परत गेले नाहीत. पडद्यावर लाल अक्षरात आलं: परतावा नाकारला, मूळ रकमेपेक्षा जास्त होतो. माझं कुलूप! तीनदा तीस गेले, नव्वद झाले, चौथ्या वेळी एकशेवीस होणार होते आणि मूळ भरणा शंभरचाच. मला एक क्षण इतका आनंद झाला की मी सगळं विसरले.

"हे कोन येडं हाये?" शेठ ओरडले. "तीस तीस रुपये फेकून राहिलं माह्या अंगावर!"

मी हळूच म्हणाले, "माझे बाबा आहेत."

सरांनी डोळे मिटले. अकोल्याचा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

चाचांनी माझ्यासमोर हात केला. "नंबर दे बेटा." मी दिलेला बाबांचा नंबर त्यांनी स्वतःच्या जुन्या फोनवरून लावला आणि आवाज मोठा केला. मागे गिरणीचा पट्टा धडधडत होता.

"हॅलो, भाऊ, मी अकोल्याहून बोलून राहिलो. शेठचा मुनीम. तुमी हे तीस रुपये काहून पाठवून राहिले?"

"मी कुठं पाठवून राहिलो? तुमी पाठवून राहिले!" बाबा ओरडून बोलत होते, गिरणीत सगळे ओरडूनच बोलतात. "मी शंभर देले. त्यातले तीस वापस आले. मले वाटलं कोणी तरी चुकलं. म्हणून मी त्याच नावावर बोट ठेवून वापस पाठवले. तं पुन्हा आले!"

"ते तुमचेच होते भाऊ. डेकोरेशनचे."

"माह्याकडं कोणाचं लग्न हाये?"

"कोणाचंच नाही."

"मंग? मी दुसऱ्याचा पैसा ठेवत नाही, सांगून ठेवतो."

"आमी बी नाही ठेवत!" चाचांचाही आवाज चढला.

"तुमच्या हापिसात कोणी नवीन पोरगं बसवलं असन," बाबा म्हणाले. "चुकून पाठवून राहिलं असन बिचारं. पोरीले फोन करतो तं ते उचलत नाही. मी म्हटलं वापस नाही केले तं त्याची नोकरी जाईन."

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही जाणार," चाचा हळू आवाजात म्हणाले. "आता पाठवू नका. आमी पाहतो." आणि फोन ठेवून त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

*

हसणं झालं, चहा आला. अकोल्याचा मुलगा सांगू लागला की उलट हे चांगलंच झालं, यंत्रणेची कठीण परीक्षा झाली. सरांनी बेरीज मांडली. आले एकशे नव्वद. गेले नव्वद. बँकेत शंभर. यंत्रणेतल्या सगळ्या खात्यांची बेरीज: शंभर. चाचांच्या वहीत शिल्लक: शंभर.

"मिळालं!" शेठ म्हणाले. "एवढा येडा ग्राहक येऊनही मिळालं. पास. चाचा, पाजा चहा."

"पेऊन राहिले ना ते," चाचा म्हणाले.

सरांनी बॅगेतून रिपोर्ट काढला. खाली माझ्या नावासमोर रेघ होती. पेन माझ्यासमोर ठेवला. मी पेन उचललाही. सही करायच्या आधी एकेक खातं उघडून पाहायचं, ही माझी सवय. बाबा पायली दोनदा मोजतात, तशी.

हॉल पन्नास. बरोबर. जेवण वीस. बरोबर. ग्राहकाचे जमा नव्वद.

डेकोरेशन, उणे साठ.

मी पुन्हा पाहिलं. पन्नास, अधिक वीस, वजा साठ, अधिक नव्वद. शंभर! बेरीज अगदी बरोबर होती. फक्त एका डेकोरेशनवाल्याने, ज्याने एक फूलही लावलं नव्हतं, शेठला साठ रुपये द्यायचे होते. आणि माझे बाबा, ज्यांचे शेठकडे फक्त तीस रुपये राहिले होते, ते नव्वदचे धनी झाले होते.

काय झालं ते मला दिसायला लागलं. बाबांचे तीस जास्तीचे आले, ते नवीन पैसे होते. त्यांचा परतावा त्या नवीन तीसलाच जोडायला हवा होता. पण यंत्रणा बुकिंग शोधून पहिल्या शंभरला जाऊन चिकटत होती, आणि मागचा परतावा डेकोरेशनच्या वाट्यातून गेला होता म्हणून पुढचेही तिथूनच काढत होती. दोनदा. माझ्या कुलपानेही चुकीच्याच दारावर पहारा दिला होता. मघाचा माझा आनंद उतरला.

"सर," मी म्हणाले, "हे बरोबर नाही."

"बेरीज जुळली ना?"

"बेरीज जुळली. पण डेकोरेशनवाले उणे साठमध्ये आहेत."

"साठ रुपये!" शेठ म्हणाले. "मी देतो त्याले साठ रुपये. सही करा बाई."

अकोल्याच्या मुलाने माझ्या कानाशी तोंड आणलं. "ऐक व, असा ग्राहक जगात एकच हाये, अन् तो तुझा बाप हाये. सही कर. मी रातच्याले दुरुस्त करतो. कोणाले समजत नाही."

तो मला खड्ड्यात घालत नव्हता, हे आज मी मनापासून लिहिते. त्याला माझ्या पत्राचं माहीत होतं. त्याला ते मला मिळायला हवं होतं.

मी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. म्हणजे ठरवायचं मलाच होतं. मला घरची खोली दिसत नव्हती, पदवीचा कागद दिसत नव्हता, तसलं काही नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की खऱ्या लग्नात हे साठ रुपये साठ हजार असतील, डेकोरेशनवाला हिशेब घ्यायला येईल, आणि शेठ म्हणतील मशीन खोटं बोलत नाही.

मी पेन खाली ठेवला. "नाही सर. मी आज सही करू शकत नाही."

शेठची खुर्ची करकरली. "अहो, मी पास म्हणून राहिलो अन् तुमचीच बाई नापास म्हणून राहिली?"

तेव्हा चाचांनी लाल वही माझ्याकडे सरकवली. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले, आणि प्रत्येक गेलेल्या तीसपासून एक बारीक रेघ निघून डावीकडच्या त्याच्याच आलेल्या पैशाला मिळत होती. पहिला तीस शंभरला. दुसरा बाबांच्या पहिल्या तीसला. तिसरा दुसऱ्याला. आणि शेवटच्या आलेल्या तीससमोर रेघ नव्हती, तिथे लिहिलं होतं: अनामत.

"मले मघाच दिसलं," चाचा म्हणाले. "मी पाहून राहिलो होतो, तुले दिसते का."

"मग बोलले का नाही चाचा?" शेठ म्हणाले.

"शेठ, बेरीज तं चोराचीही मिळते. जोड्या मिळाल्या पायजेत. मी बोललो असतो तं तुमी म्हणले असते, बुढा मशीनवर जळते." मग माझ्याकडे वळून, "अनामत समजते का बेटा? ज्या पैशाचं नाव माहीत नाही, तो आपला समजायचा नाही, अन् घाईनं कोणाच्या अंगावर फेकायचाही नाही. बाजूले ठेवायचा. विचारायचं, भाऊ, हा कशाचा? मंग नाव लावायचं."

अकोल्याचा मुलगा वहीवर वाकला होता. त्याने खिशातून कागद काढून रेघा उतरवून घेतल्या.

*

परतीच्या वाटेवर सरांना मूर्तिजापूरला चहा आठवला. तिथे गाडी थांबवून चहा घेतला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आठ दिवस लागतील दुरुस्तीला. शेठ आठ दिवसांचे पैसे देणार नाहीत."

"हो सर."

"तुझे सहा महिने परवा संपतात."

"हो सर."

मागच्या सीटवरून अकोल्याचा मुलगा म्हणाला, "पाच दिवसांत करतो." चहा संपेपर्यंत ते चार झाले होते.

मी घरी काही सांगितलं नाही. बाबांनी रात्री फोन करून एवढंच विचारलं, "त्या पोराची नोकरी तं नाही गेली?" मी म्हटलं, "अजून नाही."

दुरुस्ती दोन प्रकारची होती. एक, यंत्रणेची: परतावा ज्या पैशाचा, त्यालाच जोडलेला राहील, आणि ज्या पैशाला बुकिंग नाही तो अनामत खात्यात जाईल. तिथून माणूस पाहिल्याशिवाय हलणार नाही. दुसरी, आधी झालेल्या घोळाची. ते खोडता येत नव्हतं, आणि खोडायचंही नव्हतं. उलट्या नोंदी करून डेकोरेशनचे साठ भरून काढले आणि ग्राहकाच्या नव्वदमधून साठ कमी केले. राहिले तीस, ते अनामतमध्ये. मी ते सगळं चार दिवसांत इतक्या वेळा तपासलं की अकोल्याचा मुलगा मला पाहिलं की आपणहून म्हणायचा, "हॉल पन्नास, डेकोरेशन शून्य, जेवण वीस, तुझा बाप तीस."

तपासणीसाठी मी स्वतःच वाईट ग्राहक झाले. परत आलेले पैसे परत पाठवले. दोनदा पाठवले. अर्धे पाठवले. बँकेकडून एकच निरोप दोनदा आला असं सोंग केलं, तेव्हा यंत्रणेने दुसरा निरोप ओळखून सोडून दिला. अर्धा परतावा झाल्यावर बँकेने पूर्ण रक्कम ओढली असंही करून पाहिलं. प्रत्येक वेळी बेरीज शेवटी पाहायची, आधी जोड्या.

पाचव्या दिवशी आम्ही पुन्हा अकोल्यात. माझे सहा महिने संपून तीन दिवस झाले होते. सरांनी मला येऊ नको म्हटलं नव्हतं, म्हणून मी गेले. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

या वेळी शेठनेच बाबांना फोन लावला. "काय पाटील, त्या दिवशीसारखे पाठवा तीस रुपये."

"अहो नाही!" बाबा घाबरले. "मले तुमच्या मुनीमनं सांगितलं, आता पाठवू नका."

"मीच सांगून राहिलो ना. पाठवा. परीक्षा हाये."

"कोणाची?"

"तुमच्या पोरीची."

फोनवर फक्त गिरणी ऐकू आली. मग पेटी बोलली: तीस रुपये प्राप्त झाले. पैसे गेले नाहीत. अनामत खात्यात जाऊन बसले, आधीच्या तीसशेजारी. चाचांनी ग्राहकाला विचारलं, कशाचे? बाबा म्हणाले, शेठनी मागितले म्हणून देले. चाचांनी दोन्ही तीस, प्रत्येकी आपापल्या भरण्याला जोडून, एकेक करून परत पाठवले. डेकोरेशनवाला जागचा हलला नाही. शून्यच. चाचांनी वहीत दोन रेघा ओढल्या, पडद्यावरच्या जोड्या बोटाने एकेक करून ताडून पाहिल्या, आणि वही मिटली.

सरांनी रिपोर्ट पुढे केला. मी एकेक खातं उघडून पाहिलं. शेठ बोटं वाजवत होते. मी सही केली.

"यांच्याशिवाय दुसऱ्याची सही मी घेणार नाही पुढं," शेठ सरांना म्हणाले. "जे आपल्याच मालाले नापास करते, ते पास म्हणलं तं खरं असन."

सर म्हणाले, "मग यांना ठेवावं लागेल."

"म्हणजे तुमी सोडून राहिले होते?"

सरांनी बॅगेतून दुसरा कागद काढून माझ्याकडे दिला. पत्र होतं. तारीख मी पाहिली, सवयीने. सहा महिने संपले त्याच दिवसाची होती. म्हणजे तीन दिवस ते पत्र त्यांच्या बॅगेत होतं. मी "थँक्यू सर" म्हटलं, आणि मग वेळ काढायला ते पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, पगाराचा आकडा अंकात आणि अक्षरात एकच आहे ना ते पाहिलं. अकोल्याचा मुलगा म्हणाला, "पाहा चाचा, तेही तपासून राहिली."

"तपासू दे," चाचा म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.